दडे सुटले म्हणजे कान बरा झाला, असे नव्हे: ढोल-ताशा वाजवणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

अनंत चतुर्दशीनंतरच्या पंधरवड्यात आमच्या दादरच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या तरुणांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘विसर्जनानंतर दोन दिवस दडे बसले होते, कानात शीळ वाजत होती, पण आता सगळे सुटले आहे, घरचे ऐकत नाहीत म्हणून दाखवायला आलो.’ पथकात नवीन आलेली मुले हे वाक्य जरा अभिमानानेच सांगतात, कारण दडे बसणे हा त्यांना चांगल्या वादनाचा पुरावा वाटतो. ऑडिओलॉजिस्ट म्हणून मी ज्या चुका वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, त्यांतल्या बहुतेक या एका वाक्यातच सापडतात.

चूक पहिली: दडे सुटले, म्हणजे कान पूर्ववत झाला

आतल्या कानात कॉक्लिया नावाची शंखाच्या आकाराची नळी असते आणि तिच्यात प्रत्येक कानामागे साधारण १५,५०० केशपेशी असतात. त्यांपैकी सुमारे १२,००० बाहेरच्या ओळींतल्या असून त्या बारीक आवाज वाढवून देतात, तर आतल्या ओळीतल्या सुमारे ३,५०० पेशी तो आवाज श्रवणनाडीपर्यंत पोहोचवतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म तंतूंचा झुपका असतो आणि शेजारशेजारचे तंतू टोकाशी अतिशय बारीक दुव्यांनी जोडलेले असतात. आवाजाने झुपका एका बाजूला कलला की हे दुवे ताणले जातात, पेशीची दारे उघडतात आणि विद्युतसंदेश तयार होतो.

ताशाच्या शेजारी तासभर उभे राहिल्यावर या व्यवस्थेला दोन प्रकारे मार बसतो. एक म्हणजे दुवे तुटतात आणि झुपके वाकतात. दुसरा मार पेशीच्या आत बसतो: अतिश्रमाने तिच्यात घातक ऑक्सिजन-रेणू आणि कॅल्शियम साचते. तुटलेले दुवे एक-दोन दिवसांत पुन्हा जोडले जाऊ शकतात, सूजही उतरते. दडे सुटतात ते यामुळे. मात्र ज्या पेशींत बिघाड मर्यादेपलीकडे गेलेला असतो, त्या आवाज थांबल्यानंतरही पुढचे काही दिवस मरत राहतात. म्हणजे ज्या दिवशी मुलगा ‘आता मोकळे झाले’ म्हणतो, त्या दिवशी आत हिशेब पूर्ण झालेला नसतो.

मेलेली पेशी परत का येत नाही, हा प्रश्न योग्य आहे, कारण पक्ष्यांमध्ये ती येते. १९८८ मध्ये कोंबडीची पिले आणि लावे यांच्यावर वेगवेगळ्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत आवाजाने मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या पेशी उगवलेल्या दिसल्या. पक्ष्यांच्या कानात केशपेशींना लागून असलेल्या आधारपेशी विभागतात किंवा स्वतःच केशपेशी बनतात. माणसाच्या कॉक्लियात केशपेशी गर्भावस्थेतच तयार होतात. त्यानंतर आधारपेशींना विभागू न देणारी आणि केशपेशी घडवणारी जनुके बंद ठेवणारी यंत्रणा कायमची लागू होते. पेशी मेली की आधारपेशी ती जागा व्रणासारखी बुजवतात, तेवढेच. ती यंत्रणा औषधाने उघडण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण आज दवाखान्यात लिहून देता येईल असा उपचार नाही. तेव्हा ‘कान साफ करणारे’ तेल आणि जाहिरातीतल्या गोळ्या यांच्यावरचे पैसे वाचवावेत.

चूक दुसरी: ऑडिओग्राम नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेले नाही

या चुकीविषयी मी सविस्तर बोलणार आहे, कारण ती रुग्णांइतकीच तपासणाऱ्यांकडूनही होते.

गिरगावातील एका पथकात सहा वर्षे ताशा वाजवणारा, दिवसा फोर्टमधल्या एका कार्यालयात काम करणारा तरुण आईला घेऊन माझ्याकडे आला होता. घरात, शांत खोलीत त्याला काहीच त्रास नव्हता. परंतु कँटीनमध्ये समोरच्याचे बोलणे तुटक ऐकू यायचे, लोकलमध्ये मित्रांच्या गप्पांत तो नुसता मान डोलवायचा आणि मीटिंगमध्ये दोघे एकदम बोलले की त्याचा धागा सुटायचा. याआधी एका ठिकाणी त्याची तपासणी होऊन ‘कान उत्तम आहेत, लक्ष देऊन ऐकत जा’ एवढा सल्ला मिळाला होता. आईचे मत त्याहून कठोर होते: ‘डॉक्टर, ह्याला सोयीचे तेवढेच ऐकू येते.’

त्याचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, मी पुन्हा काढला. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत सगळीकडे उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज, १० ते १५ डेसिबल आला आणि २५ पर्यंत सर्वसामान्य धरतात. आवाजाने झालेल्या इजेची नेहमीची खूण, म्हणजे ४००० हर्ट्झच्या आसपासची खाच, तीही नव्हती. शांततेत ऐकवलेल्या २५ शब्दांपैकी २४ त्याने बरोबर सांगितले. मग मी त्याच शब्दांमागे माणसांच्या बोलण्याचा गलका लावला, आणि चित्र पालटले. वयाने जवळचा, न वाजवणारा धाकटा भाऊ सोबत आला होता. त्याच्याइतके शब्द ओळखण्यासाठी या मुलाला बोलणे गलक्याच्या तुलनेत सुमारे चार डेसिबल मोठे लागत होते. पुढे १२,५०० हर्ट्झवर तपासले, तर तिथे त्याचा उंबरठा भावाच्या बराच वर गेलेला होता. नेहमीचा ऑडिओग्राम ८००० वरच थांबतो, त्यामुळे हा भाग कुणी पाहिलाच नव्हता.

याचा अर्थ लावताना २००९ चे एक संशोधन आठवावे लागते. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांचे उंबरठे पूर्ववत झाले, केशपेशी जागेवर होत्या, ऑडिओग्राम काढता आला असता तर तो नॉर्मलच आला असता. पण आतल्या केशपेशी आणि श्रवणनाडीचे तंतू यांना जोडणारे सांधे मोजले, तेव्हा उच्च वारंवारतेच्या भागातले निम्म्यापर्यंत सांधे नष्ट झालेले आढळले आणि सुटलेले तंतू पुढच्या काळात हळूहळू मरत गेले. २०११ मध्ये अशा, ऑडिओग्रामला न दिसणाऱ्या हानीसाठी ‘हिडन हिअरिंग लॉस’ हे नाव वापरात आले.

ऑडिओग्रामला ती दिसत नाही, कारण ‘सर्वांत बारीक आवाज कोणता ऐकू येतो’ एवढाच प्रश्न तो विचारतो. एका आतल्या केशपेशीला नाडीचे दहा ते वीस तंतू जोडलेले असतात. अनेक बारीक तारांच्या वायरमधल्या निम्म्या तारा तुटल्या तरी दिवा लागतो, पण पंप लावला की वायर दगा देते. इथे तसेच होते. त्यात प्राण्यांवरील प्रयोगांनुसार आधी तुटतात ते तंतू मोठ्या आवाजातच जागे होणारे, म्हणजे गोंगाटातून बोलणे वेगळे काढायला लागणारे असतात. बारीक आवाज टिपणारे तंतू त्या मानाने टिकून राहतात. म्हणून शांत बूथमध्ये सगळे नॉर्मल आणि दादर स्टेशनच्या पुलावर सगळे गढूळ, अशी तक्रार येते.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे, कारण हल्ली इंटरनेटवर वाचून ‘मला हिडन हिअरिंग लॉस आहे’ असे निदान स्वतःच करून येणारे वाढले आहेत. उंदराचा आणि माणसाचा कान सारखाच नाजूक नाही. जिवंत माणसाचे सांधे मोजता येत नाहीत आणि त्यासाठी सर्वमान्य अशी एकही चाचणी अद्याप नाही. ते मृत्यूनंतर कानाच्या हाडाच्या तपासणीतच मोजता येतात. गलक्यात न समजण्याला मळ, मध्यकानातले पाणी, लक्षाचा प्रश्न किंवा ८००० हर्ट्झच्या वरच्या केशपेशींची साधी झीजही कारण असू शकते. ही कारणे तपासून वगळल्यावर उरते ती शंका, निदान नव्हे. या मुलाला मी तेवढेच सांगितले. आईलाही सांगितले की त्याला ‘सोयीचे’ ऐकू येत नाही, तर गोंगाटात खरेच कमी समजते. त्या दिवशीच्या तपासणीपेक्षा ह्या वाक्याचा उपयोग त्या घराला अधिक झाला असावा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

कापसाचे बोळे हा उपाय नाही. त्यांनी जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात आणि तेही अनिश्चितपणे.

स्पंजचे इअरप्लग नुसते कानाच्या तोंडाशी अडकवणे, ही सर्वांत प्रचलित चूक. प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. समोरून पाहताना तो कानाबाहेर डोकावत असेल, तर बसलेला नाही. नवी मुले पहिल्याच सरावात ‘ठेका कळत नाही’ म्हणून तो फेकून देतात. दोन-तीन सराव कळ काढली की ठेका कळू लागतो. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी सर्व स्वर सारखे दाबणारे वादकांचे प्लग घ्यावेत.

मोबाइलवरच्या श्रवणचाचणीवर विसंबू नये. पंखा चालू असलेल्या खोलीत साध्या इअरफोनने घेतलेली ती चाचणी फार तर करमणूक आहे.

वेळेचा हिशेब न करणे ही मात्र महागात पडणारी चूक. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेच्या ‘नायोश’ संस्थेने शिफारस केलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पाव तास आणि १०३ ला साडेसात मिनिटे. ताशाच्या ओळीत आवाज १०३ धरला आणि सराव दोन तासांचा असला, तर दिवसाचा कोटा सोळा वेळा संपतो. नीट बसलेल्या प्लगने खरोखर २० डेसिबल कमी झाले, तर तोच सराव ८३ वर येतो. हिशेब करताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. एक, आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी भागाची ५५ डेसिबलची दिवसाची मर्यादा हा परिसराचा निकष आहे. वादकाच्या कानाचा हिशेब त्यावरून करता येत नाही. दुसरी, ८५ ची मर्यादा ऑडिओग्रामवर दिसणाऱ्या हानीचा विचार करून ठरवलेली आहे. सांधे त्याआधीच तुटत असतील, तर ती त्यांची हमी देत नाही. म्हणून मी पथकांना नेहमी मर्यादेच्या बऱ्याच खाली राहायला सांगतो.

दडे चोवीस तासांत कमी होत नसतील किंवा एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले असेल, तर ‘आठवडाभर वाट पाहू’ म्हणू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञ अशा वेळी स्टेरॉइडचा विचार करतात, आणि त्याचा उपयोग होण्याची शक्यता दिवसागणिक कमी होत जाते.

आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी नियमित तपासणीला येऊ नये. निदान १४ तास शांततेत गेलेले असावेत, नाहीतर तात्पुरते घसरलेले उंबरठेच नोंदवले जातात. मी पथकातल्या मुलांना सराव सुरू होण्याआधी, म्हणजे जूनच्या सुमारास, एकदा बोलावतो, १२,५०० हर्ट्झपर्यंत आणि गलक्यातही तपासतो, आणि दिवाळीनंतर त्याच बूथमध्ये, त्याच शब्दयादीने पुन्हा तपासतो. गिरगावच्या त्या ताशेवाल्याचे दोन्ही आलेख आता एकाच कागदावर आहेत. यंदा दोन्हींत फरक नाही, आणि मिरवणुकीत प्लग लावून वाजवल्याचे तो आणि त्याची आई, दोघेही सांगतात.