पंचम, अष्टम, लाभ: सट्ट्यातला फायदा पत्रिकेत कसा तपासावा

‘पंचमात राहू आहे, लाभात गुरू आहे, मग बाजारात उतरू ना?’ असं विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच कोणीतरी देऊन ठेवलेलं असतं आणि त्याला फक्त शिक्का हवा असतो. पंचम म्हणजे सट्टा, एकादश म्हणजे लाभ, दोघांचा संबंध आला की पैसा, असं हे दोन ओळींचं ज्योतिष फिरत असतं. त्यात अष्टमाचं नावही नसतं. बाजारातली पत्रिका मात्र बऱ्याचदा अष्टमातच अडकते, म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे. जन्मवेळ खात्रीची आहे, लग्न राशीच्या अगदी टोकावर नाही आणि भावेश कसे काढायचे हे तुम्हाला येतं, असं मी धरून चालतो.

आधी व्यवहार कोणता ते विचारा

पत्रिका उघडण्याआधी जातकाला विचारा की तो नेमकं काय करणार आहे. शेअर विकत घेऊन वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे साठवण. ती द्वितीय, नवम आणि लाभ यांवरून पाहावी. सकाळी घेऊन दुपारी विकणं किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स करणं हा पंचमाचा विषय. आणि पैसा स्वतःचा नसेल, म्हणजे कर्ज काढून, मार्जिनवर किंवा मेहुण्याकडून घेऊन लावायचा असेल, तर अष्टम थेट मध्ये आलं. ‘शेअर बाजार जमेल का’ या एकाच प्रश्नाला या तिन्ही माणसांच्या बाबतीत एकच उत्तर देणारा ज्योतिषी मला कळत नाही.

पंचम आणि लाभ

हे सोपं आहे. पंचमेश आणि लाभेश कुठे आहेत, बलवान आहेत का, एकमेकांशी युती, दृष्टी किंवा परिवर्तनाने जोडलेले आहेत का, आणि नवमांशात त्यांचं बळ टिकतं का, एवढं बघा. पंचम आणि एकादश समोरासमोर असल्यामुळे एकात बसलेला ग्रह दुसऱ्याकडे पाहणारच. त्या नुसत्या दृष्टीला योग म्हणून मिरवू नका.

अष्टम: इथे थांबा

अष्टम म्हणजे आयुष्य, अडथळे, गुप्त गोष्टी हे सगळ्यांना पाठ असतं. पैशाच्या प्रश्नात त्याचा अर्थ वेगळ्या वाटेने काढावा लागतो. सप्तम म्हणजे समोरचा माणूस. त्याच्यापासून दुसरं स्थान, म्हणजे त्याचं धन, ते आपलं अष्टम. म्हणून वारसा, विमा, कर्ज आणि दुसऱ्याने गमावलेला पैसा हे सगळं इथून पाहतात. ऑप्शनच्या सौद्यात एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असतो, तेव्हा अष्टमाशिवाय तो विषय पुरा होतच नाही. ‘अचानक धनलाभ’ म्हणून अष्टमाचं कौतुक करणारे इथपर्यंत बरोबर असतात.

पुढचा अर्धा भाग ते सांगत नाहीत. अष्टम हे द्वितीयाच्या बरोबर समोर आहे. ज्या वाटेने दुसऱ्याचं धन आपल्याकडे येतं, त्याच वाटेने आपलं साठवलेलं बाहेर जातं. पैसा कुठल्या दिशेने जाणार हे ठरवणं हाच सगळ्यात अवघड भाग, आणि मलाही तो हाती लागायला फार वेळ लागला. आता मी तीन गोष्टी याच क्रमाने पाहतो.

पहिली, अष्टमाचा हात पंचमावर किंवा लाभावर पडतो का. हे फक्त अष्टमेशावरून ठरवू नका. अष्टमातला शनी दहाव्या दृष्टीने पंचमाला पाहतो आणि अष्टमातला मंगळ चौथ्या दृष्टीने लाभाला पाहतो. या दोन दृष्टी पटकन नजरेतून सुटतात. चार लग्नांना तर हा संबंध जन्मजातच असतो. सिंह लग्नाला पंचम आणि अष्टम दोन्हींचा स्वामी गुरू, कुंभ लग्नाला दोन्हींचा बुध. वृषभ लग्नाला अष्टम आणि लाभ दोन्ही गुरूकडे, वृश्चिक लग्नाला दोन्ही बुधाकडे. चारही लग्नं स्थिर राशींची आहेत. या लोकांच्या बाबतीत नुसतं ‘पंचमेश बलवान’ किंवा ‘लाभेश बलवान’ म्हणून थांबता येत नाही, कारण त्याच ग्रहाबरोबर अष्टमेशही बलवान झालेला असतो.

दुसरी, कोण कोणाच्या घरी गेलं. लाभेश अष्टमात गेला तर मिळकत खड्ड्यात जाऊन बसली असं मी धरतो. पाराशरी परंपराही लाभेश अष्टमात असता कामांत हानी सांगते. अष्टमेश लाभात आला तर पैसा येतो, पण धक्क्याने येतो आणि त्याची लय माणसाच्या हातात नसते.

तिसरी, द्वितीय सुरक्षित आहे का. धनेश बरा असेल, द्वितीयावर शुभ दृष्टी असेल, तर अष्टमाचा फटका बसला तरी घर शाबूत राहतं. द्वितीयही उघडं असेल तर मी सट्ट्याबद्दल पुढे बोलतच नाही.

एक पत्रिका सोडवून पाहू

सिंह लग्न. लाभात मिथुनेचे गुरू आणि चंद्र, अष्टमात मीनेचा बुध, नवमात मेषेचा रवी. बाकीचे ग्रह सध्या बाजूला ठेवू.

ही पत्रिका कोणासमोरही ठेवा, तोंडभरून कौतुक होईल. लग्नेश रवी उच्चीचा, तोही भाग्यात. पंचमेश गुरू लाभात बसून स्वतःच्या धनू राशीकडे, म्हणजे पंचमाकडे पाहतो. त्याच्याबरोबर चंद्र, म्हणजे गजकेसरी. गुरू बुधाच्या राशीत आणि बुध गुरूच्या राशीत, म्हणजे परिवर्तन. बुध नीचेचा खरा, पण राशीस्वामी गुरू चंद्राच्या केंद्रात असल्याने नीचभंग. ‘बाजारातून करोडपती’ हे इथेच ठरून जातं.

आता तेच ग्रह भावेश म्हणून मोजा. गुरू पंचमेश आहे तसा अष्टमेशही आहे. सिंह लग्नाला कर्क बाराव्यात येते, म्हणून चंद्र व्ययेश आहे. म्हणजे लाभस्थानातला गजकेसरी अष्टमेश आणि व्ययेश यांनी मिळून केलेला आहे. बुध हा धनेश आणि लाभेश दोन्ही, आणि तो अष्टमात. परिवर्तन आहे ते अष्टम आणि लाभ या स्थानांमधलं, आणि षष्ठ, अष्टम, व्यय यांपैकी एखादं स्थान ज्यात गुंतलेलं असतं त्या परिवर्तनाला दैन्य परिवर्तन म्हणतात. नीचभंगाने बुधाची अवस्था सुधारते, त्याचं घर बदलत नाही.

मग सगळं वाईटच का? नाही. अष्टमातला बुध समोर द्वितीयात स्वतःच्या कन्या राशीला पाहतो, म्हणून धनस्थान अगदी उघडं नाही. रवी नवमात उत्तमच आहे. ही भाग्यवानाचीच पत्रिका आहे. दुसऱ्यांच्या पैशाशी संबंधित काम, जसं विमा, हिशेबतपासणी किंवा जोखमीचं विश्लेषण, यात पगार घेऊन ती मला चांगली दिसते. स्वतःचं भांडवल सट्ट्यात लावण्यासाठी दिसत नाही.

दशा

योग फळतो तो दशेत. याच जातकाची विंशोत्तरीने गुरूची सोळा वर्षांची महादशा सुरू झाली असं धरा. पहिली अंतर्दशा गुरूचीच, २ वर्षं १ महिना १८ दिवस. पंचम आणि लाभ दोन्ही जागे असतात, फायदा होण्याची शक्यता इथेच जास्त. त्यानंतर शनीची अंतर्दशा २ वर्षं ६ महिने १२ दिवस. मग, महादशा लागून ४ वर्षं ८ महिने झाल्यावर, बुधाची अंतर्दशा येते. ती २ वर्षं ३ महिने ६ दिवस चालते, आणि अष्टमात बसलेला धनेश-लाभेश तेव्हा जागा होतो.

माझ्या मते खरा धोका या क्रमातच आहे. सुरुवातीच्या दशेत चार सौदे बरोबर येतात, माणूस त्याला स्वतःची अक्कल समजतो, रक्कम वाढवतो, आणि सगळ्यात मोठी रक्कम बाजारात असताना दशा बदलते. म्हणून चालू अंतर्दशा पाहून होकार देऊ नका, पुढच्या दोन मांडा. गोचरीचा गुरू लाभात आला की घ्या, ही सूचना मी मोजतही नाही. तो साधारण वर्षाला एक रास पुढे सरकतो, एवढ्या ढोबळ काट्यावर सौदे करायचे नसतात.

एवढं पाहूनही हात आखडता का

एक लग्न साधारण दोन तास टिकतं आणि गुरू-शनीसारखे ग्रह महिनोन्‌महिने त्याच राशीत असतात. तुमच्यासारखा पंचम-लाभ योग असलेली माणसं त्यामुळे ढिगाने असतात. दुसऱ्या बाजूला, सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. या ९३ टक्क्यांत पंचमेश लाभात असलेले किती असतील याचा विचार करा. योग दिसला म्हणून माणूस उरलेल्या सातांत बसत नाही.

शास्त्राची स्वतःची मर्यादाही आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत ज्योतिष्यांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या होत्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि त्यातली ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणं उडवून येतील तेवढीच. बुद्धी हा पंचमाचाच विषय. तो पत्रिकेवरून असा ओळखता आला नसेल, तर त्याच पंचमावरून कोणाला घर गहाण टाकायला सांगण्याची माझी तयारी नाही. ‘करू नका’ हा सल्ला चुकला तर माणसाचा एखादा फायदा हुकतो. ‘करा’ हा चुकला तर त्याची साठवण जाते.

कोणता शेअर घ्यावा हे सांगूच नका. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, पंचांग चालत नाही.

राहिला रत्नाचा प्रश्न, तो शेवटी हटकून येतोच. वरच्या पत्रिकेला नव्वद टक्के दुकानांत पुष्कराज सुचवला जाईल, पंचमेश गुरू म्हणून. पण रत्न पंचमेशाला वेगळं आणि अष्टमेशाला वेगळं पोचत नाही. जो गुरू लाभेशाला अष्टमात बसवून स्वतः लाभात आला आहे, त्याचंच बळ तुम्ही वाढवणार. सिंह लग्नाला सट्ट्यासाठी पुष्कराज मी देत नाही. त्यावर खर्च होणारे पैसे जातकाने बँकेत ठेवले तर निदान त्याचं द्वितीय तरी भरेल.