गळती थांबली आणि भट्टी ट्रिप झाली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान फौंड्रीत मी मेंटेनन्सला लागलो, तेव्हा कूलिंग टॉवर माझ्या गळ्यात पडला. नव्या पोराला तोच देतात. पंखा फिरतो, पाणी पडतं, लक्ष द्यायचं काय त्यात, असं सगळ्यांना वाटतं. माझ्यासारखेच आयटीआय किंवा डिप्लोमा करून मच्छे, काकती, होनग्याच्या कारखान्यांत येणाऱ्या मुलांसाठी हा एक अनुभव सविस्तर लिहितोय. त्यातूनच मला मेकअप, ब्लोडाऊन आणि सायकल्स या तीन शब्दांचा खरा अर्थ कळला.

आमची इंडक्शन भट्टी. कॉइल आणि पॅनेलमधून डीएम पाणी, म्हणजे क्षार काढलेलं पाणी फिरतं, ते बंद सर्किट. ते पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता टॉवरच्या पाण्याला देतं. टॉवरच्या पंपातून तासाला 20,000 लिटर पाणी फिरतं आणि टॉवरमध्ये साधारण 5 अंशांनी थंड होतं. थंड होतं ते मुख्यतः त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं म्हणून. आमच्या टॉवरवर हा आकडा तासाला 150 लिटरच्या आसपास येतो, म्हणजे 12 तासांच्या कामात 1800 लिटर. कमी झालेलं पाणी भरून काढायला बेसिनमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह आहे आणि त्याच्या लाइनवर मीटर. या भरून काढायच्या पाण्याला मेकअप म्हणतात. मी आलो तेव्हा मीटरवर रोज 2700 लिटर पडत होते.

एप्रिल महिना होता. बोअर दमलेला, त्यामुळे अधूनमधून टँकर मागवावा लागे. 1800 उडून जातात, मग वरचे 900 कुठे जातात, हे मी शोधायला लागलो. उत्तर समोरच होतं. पंपाच्या ग्लँडमधून बारीक धार लागलेली आणि फ्लोट थोडा वर बसवल्यामुळे ओव्हरफ्लोमधूनही पाणी झिरपत होतं. पाण्याचा मग आणि घड्याळ घेऊन दोन्ही मिळून मोजलं, मिनिटाला 1 लिटर. उरलेले तासाला 15 लिटर पंख्याबरोबर तुषार होऊन उडत होते. मी ग्लँडची दोरी बदलली, फ्लोट खाली घेतला, आणि दुसऱ्या दिवशी मीटर 2000 वर आला. रोजचं 700 लिटर पाणी वाचलं म्हणून मालकांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं.

ब्लोडाऊनचा, म्हणजे टॉवरमधलं थोडं पाणी मुद्दाम बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह होता, पण गंजून बंद. तो कुणी कधी उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि टॉवर तर चालत होता. म्हणून मीही तिकडे बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी, दुपारी तीनच्या सुमारास, मेल्टिंग चालू असताना पॅनेल पाण्याच्या तापमानावर ट्रिप झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सगळे म्हणाले, उन्हाळा आहे, टॉवरला झेपत नाही. पण मी बेसिनचं तापमान घेतलं तर ते नेहमीइतकंच होतं. म्हणजे टॉवर आपलं काम करत होता. वाढलं होतं ते दुसरंच. एक्स्चेंजरमध्ये शिरणारं टॉवरचं पाणी आणि तिथून बाहेर पडणारं डीएम पाणी यांच्यातला फरक आधी 4 अंश असायचा, तो 9 झाला होता. हा फरक रोज लिहून ठेवा. टॉवरचं पाणी तेवढंच थंड असताना हा फरक वाढत असेल, आणि पंपाचा प्रवाह कमी झाला नसेल, तर प्लेटांवर काहीतरी बसतंय असं समजा.

रविवारी एक्स्चेंजर उघडला. डीएमकडची बाजू चकचकीत. टॉवरकडच्या बाजूला गरम टोकाजवळ पांढरा, नखाने न निघणारा थर. आमच्या फिटरमामांनी एक खवला काढून वेगळ्या बशीत ठेवला आणि त्यावर पातळ ॲसिडचा थेंब सोडला. सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला. फेस आला म्हणजे चुना, कॅल्शियम कार्बोनेट. फेस आला नसता तर सिलिका किंवा जिप्सम, आणि ते काढणं फार अवघड.

मामांनी मला एकच प्रश्न विचारला. "पाणी उडून जातंय, मीठ उडतंय काय रे? मग ते कुठनं बाहेर जाणार, सांग की."

त्या प्रश्नाचा हिशोब त्या रात्री घरी बसून मांडला. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस पेनवर 400 यायचा, म्हणजे ढोबळमानाने लिटरला 400 मिलिग्रॅम क्षार. रोज 2700 लिटर पाणी आत येत होतं, म्हणजे रोज एक किलोच्या वर क्षार टॉवरमध्ये येत होते. वाफेबरोबर त्यातलं काहीच जात नाही. पण टॉवरमधलं पाणी 1200 टीडीएसचं होतं, आणि तसं 900 लिटर रोज गळती आणि तुषारांतून बाहेर पडत होतं. 900 गुणिले 1200, तेही एक किलोच्या वर. आलं तेवढं गेलं. बोअरच्या 400 ला टॉवरचे 1200 म्हणजे तिप्पट, यालाच तीन सायकल्स म्हणायचं. ती गळती हेच आमच्या टॉवरचं ब्लोडाऊन होतं, आणि मी ते दोरी घालून बंद केलं होतं.

सूत्र लहान आहे: ब्लोडाऊन = बाष्पीभवन ÷ (सायकल्स − 1). यातल्या ब्लोडाऊनमध्ये गळती, ओव्हरफ्लो, तुषार, सगळं धरायचं. आमचं 150 ÷ 2 = 75 लिटर तासाला. गळती थांबल्यावर उरले फक्त तुषारांचे 15, म्हणजे टॉवर अकरा सायकल्सकडे निघाला होता. एका दिवसात तिथे पोचत नाही. बेसिन आणि पाइप मिळून आमच्याकडे 3000 लिटर पाणी आहे, त्याला घट्ट व्हायला आठवडे लागतात. म्हणूनच दुरुस्ती आणि बिघाड यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मोजमापातली एक गोष्ट, जिच्यावर मी सर्वांत जास्त जोर देईन. त्या दिवशी टॉवरचा टीडीएस 2200 आला. बोअरच्या साडेपाच पट. वाईट, पण फार भयंकर वाटत नाही. मग क्लोराइड तपासलं. त्याचं किट स्वस्त मिळतं, पिवळ्या पाण्यात थेंब मोजत टाकायचे, विटकरी रंग आला की थांबायचं. बोअरला 60, टॉवरला 480. आठ पट. क्लोराइड या पाण्यात कुठेही बसत नाही, विरघळलेलंच राहतं, म्हणून खऱ्या सायकल्स आठ. शेवटी हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा. त्याला वाइनसारख्या लाल रंगाचा निळा होईपर्यंत थेंब. बोअरला 220, तर आठ पटीने टॉवरला 1760 यायला हवं होतं. आलं 740. लिटरमागे हजारभर मिलिग्रॅम कमी. ते 3000 लिटरला लावलं तर तीन किलो चुना पाण्यातून गायब होता, आणि तो कुठे होता ते रविवारी डोळ्यांनी पाहिलंच होतं. टीडीएस फसवा आला तो यामुळेच. क्षार पाण्यातून निघून प्लेटांवर बसले की टीडीएस कमी दिसतो. क्लोराइडच्या सायकल्स आणि हार्डनेसच्या सायकल्स जुळल्या तर ठीक, हार्डनेस मागे पडला की कुठेतरी थर धरतोय. एक पथ्य मात्र पाळा: शेवाळासाठी टॉवरमध्ये हायपोक्लोराइट टाकत असाल तर त्यातूनही क्लोराइड येतं, तेव्हा ही तुलना तेवढी विश्वासाची राहत नाही.

नमुना बेसिनमध्ये फ्लोटजवळून घेऊ नका. तिथे ताजं पाणी पडत असतं, पेन कमी दाखवतं. पंप चालू असताना रिटर्न लाइनवरून घ्या आणि गार होऊ द्या. आणि बोअरचं पाणी प्रत्येक आठवड्याला मोजा. टँकरचं पाणी वेगळ्या विहिरीचं असतं, पावसाळ्यात बोअरही बदलतो. बोअरचा आकडा जुना असेल तर टॉवरच्या आकड्याला अर्थ नाही.

प्लेटा सल्फॅमिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने धुतल्या. त्या स्टेनलेसच्या आहेत, म्हणून हायड्रोक्लोरिक वापरलं नाही. त्यातल्या क्लोराइडने प्लेटांना बारीक भोकं पडतात. मग गंजलेला व्हॉल्व्ह काढून रिटर्न लाइनवर, गरम बाजूला, नवा बसवला. बारीक धार सतत सोडायचा प्रयत्न केला, पण कचऱ्याने आठ दिवसांत धार बंद पडायची. म्हणून तीन सायकल्ससाठी टीडीएस 1250 झाला की पूर्ण उघडायचो, 1150 ला आला की बंद. भट्टी कमी चालते त्या दिवशी पाणी कमी उडतं, मग व्हॉल्व्हही कमी उघडावा लागतो.

मीटर पुन्हा 2700 वर आला. मालकांनी विचारलं, वाचलेलं पाणी परत का वाढलं? मी त्यांना वहीतला तक्ता दाखवला. दोन सायकल्सला दिवसाला 3600 लिटर मेकअप लागतं. तीनला 2700, चारला 2400, सहाला 2160. दोनवरून तीनवर गेलं की 900 लिटर वाचतात, तीनवरून चारवर फक्त 300, आणि चारवरून सहावर जायला 240. हार्डनेस मात्र दर सायकलला पूर्ण 220 ने वाढत जातो. पुढे जावं तसं पाणी थोडं वाचतं आणि थराची भीती तितकीच वाढत राहते.

"मग चार करूया काय?" त्यांनी विचारलं. केमिकलवाल्याशी बोलून थर धरू न देणाऱ्या अँटिस्केलंटचा डोस वाढवला तर चार जमेल, असं मी म्हटलं. तसं एक महिना करून बघितलं, आठवड्याला क्लोराइड आणि हार्डनेस दोन्ही लावून. क्लोराइड चार पट, हार्डनेस 3.9 पट. एक्स्चेंजरवरचा तापमानाचा फरक 4 अंशांवरच राहिला. तेव्हापासून बोअरच्या पाण्यावर चार, आणि टँकर आला की आधी त्याचा हार्डनेस बघून ठरवतो. सोडलेलं पाणी मोल्डिंगच्या वाळूत मिसळू नका, क्षारांमुळे वाळू धरून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीची पकड कमी होते. आमच्याकडे ते संडासच्या टाकीला जातं.