मोठ्यांच्या स्पोकन इंग्लिश क्लासचं नाव: या चुका टाळा

क्लासचं नाव बोर्डावर कसं दिसेल याचा विचार सगळेच करतात. पण शिकणारा नोकरी-धंद्यातला माणूस असेल, तर ते नाव बोर्डापेक्षा त्याच्या फोनवर जास्त वेळा दिसतं. मीटिंग चालू असताना टेबलावरच्या फोनवर ग्रुपचा मेसेज झळकतो आणि शेजारी बसलेले साहेब वाचतात, ‘लिटिल स्टेप्स इंग्लिश’. तिथून पुढे तो माणूस ग्रुप म्यूट करतो.

नाव खटकतंय असं तोंडावर कुणी सांगत नाही. चौकशीच्या फोनवरून मात्र कळतं. “मोठ्यांसाठी पण आहे ना?” हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल किंवा निम्मे फोन मुलांसाठी विचारणाऱ्या पालकांचे असतील, तर दोष जाहिरातीत नाही, नावात आहे. कोर्स पूर्ण करूनही लोक प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडत नसतील, तर तीही खूणच.

‘लिटिल’, ‘एबीसी’, ‘बडी’ असले शब्द आणि पेन्सिलवाला लोगो हे बालिश आहे, हे सांगावं लागत नाही. त्याहून फसवी चूक म्हणजे नावातच माणसाची उणीव सांगणं: ‘झिरो टू हीरो’, ‘इंग्रजीची भीती घालवा’, ‘बेसिक इंग्लिश’. जाहिरातीत हे शब्द चालतात, कारण ज्याला अडचण आहे तो त्यापाशी थांबतो. पण जाहिरात तो एकटा वाचतो, तर नाव त्याला चारचौघांत सांगावं लागतं. म्हणून अडचण जाहिरातीच्या मजकुरात लिहा, नावात नको. बॅचलाही तेच लागू. ‘बिगिनर’ किंवा ‘कच्चा गट’ म्हणण्यापेक्षा ‘सकाळ 7’ आणि ‘संध्याकाळ 8’ म्हणा. पातळीची नोंद तुमच्या वहीत राहू द्या.

आता अडतं ते ‘मोठ्यांसाठी’ हे सांगायचं कसं, इथे. ‘प्रौढ’ म्हटलं की साक्षरता वर्ग डोळ्यांसमोर येतो आणि पदवीधर माणूस तिथे फिरकत नाही. ‘अ‍ॅडल्ट’ला दुसराच वास आहे, विशेषतः इंटरनेटवर शोधताना. हा शब्द मुख्य नावात घालण्याचा हट्ट सोडा. नावाखालच्या ओळीत ‘वय 18 पूर्ण’ किंवा ‘नोकरदार व व्यावसायिकांसाठी’ लिहिलं की भागतं. गृहिणी येणार असतील तर ‘नोकरदार’ लिहू नका, त्यांना ते आपल्यासाठी नाही असं वाटेल. तिथे वयच बरं.

आणखी एक चूक शिक्षकांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना इंग्रजी येतं. ‘एलोक्वन्स’, ‘आर्टिक्युलेट’ अशी नावं ऐटदार खरी, पण पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला ती उच्चारताच येत नाहीत. क्लासचं नाव सांगतानाच जीभ अडखळली, तर तो ते कुणाला सांगणार नाही आणि तोंडोतोंडी होणारी प्रसिद्धी तिथेच संपते.

वरच्या ‘लिटिल स्टेप्स इंग्लिश’चंच बघू. ‘लिटिल’ काढलं तर उरतं ‘स्टेप्स इंग्लिश’. बालिश नाही, पण काय शिकवतात ते कळत नाही. ‘स्टेप्स स्पोकन इंग्लिश’ केलं तर विषय कळतो, पण जुन्या ओळखीमुळे मुलांचे फोन काही काळ येत राहतील. ‘स्टेप्स इंग्लिश संभाषण वर्ग’ सर्वांत सरळ: ‘संभाषण’ हा शब्द मोठ्यांचा वाटतो, आणि खाली ‘वय 18 पूर्ण’ असलं की शंका उरत नाही.

ठरवण्याआधी दोन-तीन नावं पाच-सहा शिकणाऱ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, तीही पूर्ण वाक्यात: “साहेब, आज सहाला निघतो, अमुक क्लास आहे.” आवडलं का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कोणत्या नावाला आवाज खाली जातो किंवा नाव गाळून नुसतं “क्लास आहे” म्हटलं जातं, ते ऐका. ते नाव बाद. मग उरलेलं नाव दुसऱ्या कुणाचं तर नाही ना, हे इंटरनेटवर शोधून बघा.

क्लास आधीच चालू असेल तर बदल बोर्डापासून सुरू करू नका. आधी ग्रुपचं नाव बदला, कारण ते फुकट आहे आणि सर्वांत जास्त तेच दिसतं. त्यानंतर पावती आणि प्रमाणपत्र, मग नकाशावरची नोंद. बोर्ड शेवटी. त्यावर काही महिने जुनं नाव खाली बारीक अक्षरात राहू द्या, म्हणजे जुने लोक शोधत आले तर परत जाणार नाहीत. आधीच्या बॅचमधल्या कुणाला नव्या नावाचं प्रमाणपत्र हवं असेल, तर तेही छापून द्या.