मैदानापलीकडून ओळखू न येणारी जर्सी: या चुका टाळा

जून उजाडला की कोल्हापुरात शाळांच्या हाऊस टी-शर्टच्या ऑर्डरी सुरू होतात आणि दिवाळी सरली की पेठापेठांतल्या फुटबॉल संघांच्या. दोघांचीही रंग ठरवायची तऱ्हा एकच. दुकानात ट्यूबलाइटखाली उभं राहायचं, कापडाची पट्टी हातात घ्यायची, "हा भारी दिसतोय" म्हणायचं आणि ॲडव्हान्स द्यायचा. हातभर अंतरावरून कोणतेही दोन रंग वेगळेच दिसतात हो. खरा प्रश्न मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळणारा पोरगा कुणाचा, हे संध्याकाळी साडेसहाला कळतं का, हा आहे. जर्सी शिवायच्या धंद्यात राहून आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी त्याच त्या चुका इतक्या वेळा बघितल्यात, की आता ऑर्डर घेण्याआधी वाद घालतो.

रंगाचं नाव बघायचं, उजळपणा बघायचा नाही

सगळ्या चुकांची आई ही. "त्यांचा हिरवा, आमचा निळा, मग अडचण काय?" असं विचारणारे रोज भेटतात. अडचण अशी, की लांबून माणूस जसजसा लहान दिसायला लागतो तसतसा रंग डोळ्याला कमी कळतो आणि फिका-गडद हा फरक तेवढा शिल्लक राहतो. निळा-काळा, निळा-गडद हिरवा, पिवळा-पांढरा या जोड्या तर लांबून सगळ्यात आधी एकमेकींत मिसळतात. शंभर मीटरवरच्या खेळाडूची छाती म्हणजे हात लांब करून धरलेल्या बोटाच्या नखाच्या निम्म्याहून कमी रुंदीची. एवढ्याशा ठिपक्यात डोळा काय काय ओळखणार?

उपनगरातल्या एका स्पर्धेची फायनल आठवते. एक संघ बॉटल ग्रीन, दुसरा नेव्ही ब्लू. दुपारी चारच्या उन्हात फोटो झकास आले. पण मॅच उशिरा सुरू झाली, बरोबरीत सुटली आणि जादा वेळेत गेली. मैदानाला दिवे नव्हते. सूर्य खाली गेला तसे दोन्ही संघ एकाच रंगाचे झाले: काळे. मधल्या फळीतल्या पोरांनी चक्क समोरच्या संघाला पास दिले. मग लांबच्या बाजूच्या लाईन्समननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. पळणारा पुढचा खेळाडू होता की त्याच्या मागचा बचावपटू, यावर दोन्ही बाजूंची मंडळी मैदानात घुसली. "डोळं हाईत का बटणं?" असं त्या बिचाऱ्याला ऐकवलं गेलं. त्याचे डोळे शाबूत होते. त्याला दिलेले रंगच न ओळखता येणारे होते. शेवटी आयोजकांपैकी कुणीतरी सरावाचे केशरी बिब आणले, नाणेफेक हरलेल्या संघानं ते कुरकुरत घातले आणि मॅच संपली. दोन्ही संघांनी नव्या जर्सीवर चांगले पैसे घातले होते, आणि कामाला आले ते घामट वासाचे बिब.

फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम सांगतो, की दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू यायला हवेत आणि गोलरक्षक सगळ्यांपेक्षा वेगळा हवा. पण वेगळे म्हणजे किती, हे नियम मोजून देत नाही. तो हिशोब आपण ऑर्डर देण्याआधीच करायचा असतो.

माझी सवय साधी आहे. दोन्ही कापडांचे टी-शर्टएवढे तुकडे घ्यायचे. काडेपेटीएवढी पट्टी चालत नाही, कारण लहान नमुना नेहमी फसवतो. ते मैदानाच्या कुंपणाला शेजारी-शेजारी अडकवायचे, दुसऱ्या टोकाला जायचं आणि दिवस मावळायच्या सुमाराला बघायचं. मग मोबाइलनं दोन्ही तुकडे एकाच फोटोत घेऊन तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. दोन तुकडे सारख्याच राखाडी रंगाचे दिसले तर त्यातला एक बदलायचा. वेगवेगळे फोटो काढून तुलना करू नका, कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेड आपल्या मनानं लावतो. या सगळ्याला एक संध्याकाळ लागते, पण "सर, उद्याच प्रिंटिंगला टाका की" म्हणणाऱ्यांना तेवढीही नसते.

लाल, हिरवा, निळा, पिवळा, "नेहमीसारखं"

बहुतेक शाळांच्या चार हाऊसचे हे रंग वर्षानुवर्षं ठरलेले. आता बघा गंमत. संगणकावरच्या रंगांचा उजळपणा काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १०० असा मोजला, तर नेहमीचा लाल येतो ५३ च्या आसपास, नेहमीचा रॉयल ब्लू ४८ आणि हिरवा ४६. पिवळा एकटा ९७. म्हणजे चारातले तीन रंग उजळपणाच्या एकाच पायरीवर गर्दी करून उभे. कापडावर आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पण गर्दी सुटत नाही.

भर उन्हात लाल आणि निळा तरीही ओळखू येतात, ते मान्य. लाल-हिरव्याचं दुखणं मात्र वेगळं आहे. लाल-हिरव्यातला फरक जन्मतः नीट न कळणारी मुलं प्रत्येक मोठ्या शाळेत असतात. मुलांमध्ये हे प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त आणि पुष्कळदा घरच्यांनाही ते माहीत नसतं. अशा पोराच्या हातात रिलेचं बॅटन देऊन "आपल्या हाऊसच्या पोराला दे" म्हणायचं, आणि तो गोंधळला की त्याला वेंधळा ठरवायचं! २०१५ साली अमेरिकन फुटबॉलमध्ये बफेलो बिल्स नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्स नखशिखांत हिरव्या पोशाखात उतरले, तेव्हा टीव्हीसमोरच्या अशा प्रेक्षकांना संघच वेगळे कळेनात आणि तक्रारींचा पाऊस पडला. एवढे पैसे ओतणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नाही, तर आमच्या शाळेच्या कमिटीला काय बोलायचं.

हाऊसची नावं, झेंडे, भिंतीवरचे तक्ते बदलायला कुणी तयार नसतं, आणि त्याची गरजही नाही. रंग तेच ठेवून उजळपणाची पायरी बदला. मी शाळांना देतो तो संच असा: पिवळा तसाच, सगळ्यात उजळ. निळ्या हाऊसला रॉयल ब्लूऐवजी आकाशी, म्हणजे तो ८० च्या आसपास जातो. लाल तसाच, मध्ये. हिरव्याला गडद बॉटल ग्रीन, म्हणजे तो खाली ३० च्याही आत उतरतो. पिवळा आणि आकाशी दोन्ही उजळ असले तरी एक पिवळ्या बाजूचा आणि एक निळ्या बाजूचा, त्यामुळे लाल-हिरवा न कळणाऱ्यालाही ते वेगळे दिसतात.

आता राहिली लाल आणि बॉटल ग्रीनची जोडी. काहींना लाल मुळातच काळपट दिसतो आणि अंधारून आलं की सगळ्यांच्याच डोळ्यांना लाल इतर रंगांच्या आधी काळवंडल्यासारखा दिसतो. त्यामुळे नुसत्या गडदपणाच्या फरकावर विसंबून भागत नाही. म्हणून हिरव्या हाऊसला खांद्यापासून पूर्ण बाह्या पांढऱ्या. कॉलरला पांढरी किनार नव्हे, पूर्ण बाह्या. किनार लांबून दिसत नाही.

हिरव्याला पोपटी करा असा सल्ला हमखास येतो. नका करू. पोपटी पिवळ्याच्या गळ्यात पडतो आणि पावसाळ्यात मैदानावर गवत असतं तेव्हा त्यातही मिसळतो.

सिंह, ज्वाळा आणि खाली काळा

सब्लिमेशन प्रिंटिंग आल्यापासून पांढऱ्या पॉलिस्टरवर काहीही छापता येतं, आणि माणसं खरंच काहीही छापतात. वर लाल, खाली उतरत काळा. वर निळा, खाली उतरत काळा. छातीवर डरकाळी फोडणारा वाघ, पाठीवर वीज. मोबाइलवर डिझाइन बघून ग्रुपमध्ये सगळे "नाद खुळा" लिहितात. मग दोन्ही संघ अर्धे काळे होऊन मैदानात येतात आणि जो मूळ रंग ओळखीचा, तो खांद्यापुरता उरतो.

पट्ट्यांचंही तेच. चांगल्या नजरेला शंभर मीटरवरून साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा बारीक पट्टे सुटे दिसत नाहीत. ते मिसळून तिसराच रंग होतो. लाल-पांढरे बारीक पट्टे लांबून गुलाबी, काळे-पांढरे राखाडी. कोल्हापुरात अर्जेंटिनाच्या पट्ट्यांचं वेड मोठं, म्हणून सांगतो: ते पट्टे शोभतात कारण ते रुंद असतात. स्वस्तात कॉपी करताना पट्टा निम्मा होतो आणि लांबून उरतो धुतल्यासारखा फिका निळा. समोर पांढरी जर्सी आली की आटोपला कारभार.

माझा नियम: समोरून आणि मागून, दोन्हीकडे जर्सीचा निदान दोन तृतीयांश भाग एकाच सपाट रंगाचा. पट्टे हवेत तर आठ-दहा सेंटिमीटरचे. वाघ हवाच असेल तर त्याच रंगाच्या थोड्या गडद छटेत, जवळच्याला दिसेल आणि लांबच्याला छळणार नाही असा. यावर रुसून दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकं आहेत. जाऊ देत.

बाकीच्या चुका

नंबर जर्सीच्याच रंगाच्या कुटुंबातला ठेवू नका. मरूनवर काळा किंवा पिवळ्यावर सोनेरी नंबर स्कोअररला दिसत नाही. नंबराला बारीक बॉर्डर लावून उपयोग नाही, रंगच उलटा हवा.

राखाडी जर्सी घामानं गडद होते. पहिल्या हाफला एक संघ, दुसऱ्या हाफला दुसराच.

मुरमाच्या मैदानावर पांढरी जर्सी चार स्लाइडमध्ये मातकट होते, तेव्हा समोर खाकी, बदामी किंवा फिका केशरी नको.

निऑन पोपटी स्क्रीनवर चमकतो. साध्या चार शाईच्या सब्लिमेशनमध्ये तो मेल्यासारखा येतो. फ्लुरोसंट शाई आहे का, ते आधी विचारा आणि छापलेला तुकडा हातात घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

जर्सीचे रंग अगदीच जवळचे असतील आणि नवीन शिवायला पैसे नसतील, तर एका संघाला पांढऱ्या आणि दुसऱ्याला काळ्या चड्ड्या-मोजे द्या. पळणारे पाय लांबून चांगले दिसतात आणि लाईन्समनची नजर बऱ्याचदा पायांवरच असते.

आणि बिबचा एक संच स्पर्धेच्या पेटीत ठेवाच. केशरी किंवा भडक पिवळा, दोन्ही संघांत नसलेला. दर दोन मॅचनंतर धुवायची जबाबदारी कुणाची, ते मात्र आधीच ठरवून घ्या.