फील्ड गेल्यावर जनरेटरचं काय होतं आणि ४० नंबरचा रिले ते कसं ओळखतो

फील्ड गेलं की जनरेटर बंद पडतो, असं प्रोटेक्शनच्या कामाला नव्याने लागलेल्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. फील्ड ब्रेकर चुकून उघडला, एव्हीआर बिघडला किंवा स्लिप रिंगवर ब्रश सुटले, तरी टर्बाइन वाफेवर फिरतच राहतं. रोटरमधला फ्लक्स काही सेकंदांत ओसरतो, लोड अँगल वाढत जातो आणि मशीन सिंक्रोनिझममधून निसटतं. त्यानंतर ते सिंक्रोनस वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने, इंडक्शन जनरेटरसारखं चालतं. लागणारं मॅग्नेटायझेशन ग्रिडकडून ओढून घेतं.

पॅनेलवर हे सहज दिसतं. फील्ड अँपिअर शून्याकडे जातात, एमव्हीएआर झपाट्याने उणे होतात, केव्ही खाली येतात आणि स्टेटर करंट वाढतो. मेगावॅट मात्र सुरुवातीला जवळपास तेवढेच राहतात, म्हणून फक्त मेगावॅटच्या मीटरवर नजर ठेवणाऱ्याच्या हे उशिरा लक्षात येतं. पूर्ण लोडवरच्या टर्बो मशीनचा स्लिप २ ते ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ५० हर्ट्झला २ टक्के स्लिप म्हणजे रोटरच्या अंगात, वेजेसमध्ये आणि रिटेनिंग रिंगमध्ये १ हर्ट्झचे करंट. हे भाग तापतात, आणि स्टेटर कोअरची टोकंही तापतात. शिवाय शेजारच्या मशीनना एमव्हीएआर पुरवावे लागतात आणि ग्रिड कमकुवत असेल तर व्होल्टेज कोसळू शकतं.

जनरेटरच्या टर्मिनलवर मोजलेला इम्पिडन्स हीच रिलेची नजर. मशीनमधून बाहेर जाणारे P आणि Q धन धरले, तर पर युनिटमध्ये सूत्र असं:

```
Z = V² (P + jQ) / (P² + Q²)
```

Q उणे झाला की हा बिंदू R अक्षाच्या खाली उतरतो. तिथे रिलेची वर्तुळं मांडलेली असतात.

उदाहरणासाठी २४७ एमव्हीए, १५.७५ केव्हीचं मशीन घेऊ. Xd २.२ आणि X'd ०.३ पर युनिट, सीटी १०००० / ५, पीटी १५७५० / ११०. बेस इम्पिडन्स १५.७५² / २४७ म्हणजे १.००४ ओहम. सीटी रेशो २०००, पीटी रेशो १४३.२, म्हणून सेकंडरीत बेस सुमारे १४ ओहम. दोन्ही वर्तुळांचा ऑफसेट X'd च्या निम्मा, म्हणजे ०.१५ पर युनिट किंवा २.१ ओहम. पहिल्या झोनचा व्यास १ पर युनिट, १४ ओहम. दुसऱ्याचा Xd इतका, सुमारे ३०.९ ओहम. पहिल्याला ०.१ सेकंद आणि दुसऱ्याला ०.५ सेकंदाचा विलंब ही नेहमीची सुरुवात. दुसऱ्याला जास्त वेळ दिला जातो, कारण स्थिर पॉवर स्विंगमध्येही बिंदू थोडा वेळ त्या मोठ्या वर्तुळात येऊन परत जातो.

भर लोडवर फील्ड गेलं आणि एका क्षणी V ०.८५, P ०.७, Q उणे ०.८ झाले असं धरा. Z येतो ०.४५ − j०.५१. पहिल्या वर्तुळाचं केंद्र −j०.६५ वर आणि त्रिज्या ०.५. केंद्रापासूनचं अंतर ०.४७, म्हणजे बिंदू आत. आता तेच कमी लोडवर पाहा: V ०.९५, P ०.३, Q उणे ०.४५. Z होतो ०.९३ − j१.३९. हा पहिल्या वर्तुळाच्या बराच बाहेर आहे, पण दुसऱ्याच्या केंद्रापासून (−j१.२५) ०.९४ वर, म्हणजे १.१ त्रिज्येच्या आत. एकच छोटं वर्तुळ ठेवलं तर कमी लोडवर फील्ड गेल्याचं रिलेला कळणारच नाही. दोन झोन ठेवण्याचं खरं कारण हे.

सेटिंग झाल्यावर एव्हीआरच्या अंडर-एक्सायटेशन लिमिटरशी ताळमेळ बघाच. लिमिटर P ०.६ ला Q उणे ०.३ वर अडवत असेल, तर V = १ ला Z १.३३ − j०.६७. दुसऱ्या केंद्रापासून अंतर १.४५, वर्तुळाबाहेर. V ०.९ पर्यंत उतरलं तरी अंतर १.२९ राहतं. हा बिंदू आत आला असता, तर लिमिटर नीट काम करत असतानाही मशीन ट्रिप झालं असतं.

विनाकारण ट्रिप होण्याची दोन कारणं नेहमी समोर येतात. पहिलं, पीटीचा फ्यूज उडणं. व्होल्टेज कमी दिसलं की मोजलेला इम्पिडन्स आकसतो किंवा त्याचा कोन बदलतो. म्हणून पीटी फ्यूज फेल्युअरचं ब्लॉकिंग ४० ला जोडलेलं असलंच पाहिजे आणि ते एका फेजचा फ्यूज काढून तपासलं पाहिजे. दुसरं, सीटीची पोलॅरिटी उलटी असणं. P ०.२ आणि लॅगिंग Q ०.५ असताना Z खरं तर ०.६९ + j१.७२ यायला हवा. उलट्या पोलॅरिटीत तो −०.६९ − j१.७२ दिसतो आणि सरळ दुसऱ्या वर्तुळात बसतो. त्यामुळे पहिल्यांदा सिंक्रोनाइझ करताना ४० चा ट्रिप तात्पुरता अलार्मवर ठेवा, थोडं लोड आणि थोडे लॅगिंग एमव्हीएआर घ्या आणि रिलेच्या स्क्रीनवरचे R आणि X वाचा. दोन्ही धन असले तरच ट्रिप पुन्हा चालू करा. इतर संरक्षणं मात्र त्या वेळी चालूच ठेवा.