फोटोतला चेहरा गेमच्या पात्रावर चढवताना जोड कुठे लपवायचा

मालवणात आम्ही रापणीवर एक छोटा गेम करतोय. त्यातल्या तांडेलाला माझ्या मामांचा चेहरा द्यायचा होता. पहिल्या खेपेला समोरून काढलेला एकच फोटो डोक्यावर चढवला. समोरून मामा हुबेहूब दिसले, पण पात्राने मान वळवली की गालावर लांबट रेघा आणि डोक्याच्या मागे पुन्हा दोन डोळे! फोटो सरळ रेषेत आरपार जातो, वाटेतला प्रत्येक पृष्ठभाग रंगवतो आणि कॅमेऱ्याकडे तिरका असलेला भाग ताणला जातो. म्हणून फोटो तीन हवेत: समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक.

फोटो. कोकणातल्या उन्हात, त्यातही वाळूवर, फोटो काढू नका. वाळूचा उजेड खालून हनुवटीवर येतो आणि तो रंग टेक्श्चरमध्ये कायमचा बसतो. पडवीतही उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे माणूस वळला की गालाचा रंग बदलतो. पाऊस उघडला आणि आभाळ भरलेलं असलं, की खळ्यात स्टुलावर बसवा. हनुवटीखालची सावली घालवायला मांडीवर पांढरं धोतर पसरा. घाम टॉवेलने टिपा, नाहीतर कपाळावरची चमक रंगासारखी चिकटून राहते आणि गेममध्ये दिवा कुठेही असला तरी तिथेच दिसते. दोन मीटर लांब उभे राहून दुप्पट झूम करा, कारण जवळून नाक मोठं येतं. स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि तिन्ही फोटो त्याच लॉकवर काढा.

फोटो चढवणे. ब्लेंडरमध्ये डोक्याचा पृष्ठभाग सपाट चित्रावर उलगडणारा मूळ यूव्ही नकाशा `UVMap` तसाच ठेवा आणि त्याशिवाय तीन नवे नकाशे जोडा. समोरच्या फोटोसाठी पर्स्पेक्टिव्ह बंद करून समोरून पाहा, नवा नकाशा निवडा, डोक्याचे सगळे बिंदू निवडा आणि `Project from View` चालवा. यूव्ही एडिटरमध्ये फोटो उघडून नकाशा त्यावर बसवा. मॉडेलचे डोळे आणि फोटोतले डोळे पहिल्या फटक्यात जुळत नाहीत. तेव्हा O दाबून आसपासचे बिंदू सोबत ओढत डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि ओठांची टोकं जागेवर आणा. इथे अर्धा तास गेला तरी चालेल. बाजूचे दोन फोटो त्या-त्या बाजूने पाहून असेच बसवा.

मग प्रत्येक फोटो मूळ नकाशावर बेक करा, म्हणजे त्याचे रंग त्या नकाशाप्रमाणे नव्या प्रतिमेत उतरवा: मटेरियलमध्ये फोटो नव्या यूव्ही नकाशासह इमिशनला जोडा, 2048 बाय 2048 ची रिकामी प्रतिमा वेगळ्या इमेज टेक्श्चर नोडमध्ये घालून तो नोड निवडलेला ठेवा, यूव्ही नकाशांच्या यादीत `UVMap` निवडून त्याच्या शेजारचं कॅमेऱ्याचं चिन्हही चालू करा, सायकल्समध्ये बेकचा प्रकार `Emit` आणि `Margin` 16 पिक्सेल ठेवा. तीन प्रतिमा मिळतील.

जोड. त्या क्रिता किंवा गिंपमध्ये एकावर एक लेयर म्हणून ठेवा, समोरची सर्वांत वर. बाजूचा फोटोही आरपार जातो, म्हणून मधल्या लेयरमधली चेहऱ्याची पलीकडची बाजू पुसून टाका, म्हणजे तिथे खालचा फोटो दिसेल. मिसळण्याआधी रंग जुळवा. लेयरची एकेक प्रत खूप धूसर करून गालाचा तोच भाग ताडून पाहा. केस आणि छिद्रं दिसेनाशी होतात आणि फक्त उजेडाचा फरक उरतो. कर्व्ह वापरून तो फरक मूळ बाजूच्या लेयरमध्ये दुरुस्त करा. हे न करता कडा कितीही मऊ केली तरी डाग दिसतो.

आता समोरच्या लेयरला मास्क लावून कड पुसायची. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून थोडं मागे आणि कानाच्या पुढे असलेली साधी त्वचा जोडासाठी उत्तम. तिथे 80-100 पिक्सेलचा मऊ ब्रश चालतो. माझ्याकडून कड मिशीच्या टोकावरून गेली. स्क्रीनवर पाहून मामा म्हणाले, "माझी मिशी डबल कित्याक दिसता रे?" रुंद मिश्रणात दोन्ही फोटोंतले केस अर्धवट दिसतात आणि एकमेकांवर कधीच नेमके बसत नाहीत. मी कड मिशीला वळसा घालून नेली. तीळ, भुवई किंवा व्रणाजवळून जावंच लागलं, तर ब्रश 6-8 पिक्सेलचा घ्या, म्हणजे ती खूण एकाच फोटोतून येते. नाकाच्या कडेला ताणलेली त्वचा दिसली तर ती पुसून बाजूचा फोटो येऊ द्या. कान बाजूच्या फोटोतूनच घ्या. डोक्याची मागची बाजू आणि तोंडाच्या आतला भाग मात्र साध्या रंगाने भरा.

उरतो तो यूव्हीचा शिवणजोड, बहुधा डोक्याच्या मागे. तो सपाट चित्रात नीट होत नाही, कारण तिथे दोन कडा दूर-दूर असतात. ब्लेंडरच्या टेक्श्चर पेंटमध्ये मॉडेलवरच त्वचेचा किंवा केसांचा रंग उचलून शिवणीवरून ब्रश फिरवा. मग टेक्श्चर 256 पिक्सेलपर्यंत लहान करून गेममध्ये पात्र लांबून पाहा. शिवणीवर बारीक काळी रेघ उमटली, तर रिकाम्या जागेचा रंग आत झिरपतोय. `Margin` वाढवा, त्या तीन प्रतिमा पुन्हा बेक करून लेयरमध्ये जुन्यांच्या जागी घाला आणि शिवणीवरून पुन्हा ब्रश फिरवा.