एमआरच्या बायोडेट्यातील सारांश : तपासता येतील असे आकडे कसे मांडावेत

औषध कंपनीच्या वैद्यकीय प्रतिनिधीने, म्हणजे एमआरने, नव्या नोकरीसाठी पाठवलेल्या बायोडेट्यात सर्वांत वर चार-पाच ओळींचा सारांश असतो. मुलाखत घेणारा एरिया मॅनेजर बहुधा तेवढाच भाग लक्षपूर्वक वाचतो आणि उरलेल्या पानांवरून नजर फिरवतो. हा मॅनेजर स्वतः बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाहेर थांबलेला असतो, त्यामुळे ‘सातत्याने लक्ष्यपूर्ती करणारा व डॉक्टरांशी उत्तम संबंध असलेला मेहनती प्रतिनिधी’ हे वाक्य त्याला काहीच सांगत नाही. ‘टार्गेटच्या 104 टक्के विक्री’ हे वाक्य मात्र त्याला लगेच पुढचा प्रश्न सुचवते : प्रायमरी की सेकंडरी? सारांश लिहिताना या प्रश्नाचे उत्तर आधीच हाती असले पाहिजे, म्हणून कामाची सुरुवात शब्दांपासून न करता हिशेबापासून करावी.

पहिली पायरी : खरा विक्रीचा आकडा काढणे

कंपनीने स्टॉकिस्टला दिलेला माल म्हणजे प्रायमरी विक्री आणि स्टॉकिस्टकडून औषध दुकानांत गेलेला माल म्हणजे सेकंडरी विक्री. टार्गेट बहुतेक ठिकाणी प्रायमरीवर दिले जाते, आणि महिनाअखेरीस किंवा मार्चमध्ये ते गाठण्यासाठी स्टॉकिस्टच्या गोदामात गरजेपेक्षा जास्त माल उतरवला जातो, हे या क्षेत्रात कोणालाही नवीन नाही. तो माल पुढे सरकला नाही तर वर्ष-दीड वर्षाने मुदत संपून परत येतो. त्यामुळे सारांशात प्रायमरीचा आकडा एकटा लिहिणे खोटे नसले तरी अपुरे असते, आणि अनुभवी मॅनेजरला ते कळते.

निव्वळ सेकंडरी काढणे अवघड नाही. वर्षाच्या सुरुवातीला स्टॉकिस्टकडे असलेल्या साठ्यात वर्षभराची प्रायमरी मिळवावी, त्यातून वर्षअखेरचे क्लोजिंग, म्हणजे स्टॉकिस्टकडे शिल्लक राहिलेला साठा, वजा करावे आणि मुदत संपलेला किंवा फुटलेला म्हणून कंपनीकडे परत गेलेला मालही वजा करावा. हे सर्व आकडे स्टॉकिस्टच्या मासिक स्टॉक अँड सेल्स स्टेटमेंटमध्ये मिळतात. एक काळजी मात्र घ्यावी लागते : काही स्टेटमेंटमध्ये विक्री दुकानदाराला लागणाऱ्या दराने लिहिलेली असते, तर कंपनीचे टार्गेट स्टॉकिस्टला लागणाऱ्या दराने असते. दोन्हींत स्टॉकिस्टच्या मार्जिनचा फरक असतो, म्हणून दर एकसारखे न केल्यास विक्री आपोआप फुगलेली दिसते.

समजुतीसाठी कोल्हापूर हेडक्वार्टर असलेल्या एका प्रतिनिधीचा हिशेब घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. 2023-24 या वर्षी त्याचे टार्गेट 66 लाख रुपये होते आणि प्रायमरी 68.4 लाख झाली, म्हणजे कागदावर 104 टक्के. वर्षाच्या सुरुवातीला स्टॉकिस्टांकडे 7 लाखांचा माल होता, वर्षअखेरीस तो 11 लाखांचा झाला, आणि 2.4 लाखांचा माल परत गेला. हिशेब केल्यावर निव्वळ सेकंडरी 62 लाख निघते, म्हणजे टार्गेटच्या 94 टक्के. शिवाय महिन्याला सरासरी 5 लाखांच्या थोडी वर विक्री असताना 11 लाखांचे क्लोजिंग म्हणजे दोन महिन्यांहून अधिक साठा. मार्चमध्ये माल भरला गेल्याची ही स्पष्ट खूण आहे.

पुढच्या वर्षी, 2024-25 मध्ये, त्याचे टार्गेट 72 लाख होते आणि प्रायमरी 71 लाख झाली. कंपनीच्या तक्त्यात हे वर्ष आधीच्यापेक्षा वाईट दिसते, कारण टार्गेट थोडक्यात चुकले. पण याच वर्षी क्लोजिंग 11 लाखांवरून 9 लाखांवर आले, परत गेलेला माल 1.7 लाखांवर थांबला आणि निव्वळ सेकंडरी 71.3 लाख झाली. टार्गेट ‘पूर्ण’ केलेल्या वर्षापेक्षा हे वर्ष विक्रीच्या दृष्टीने अधिक चांगले होते. सारांशात पुढे करावे ते हेच वर्ष. 104 टक्क्यांचा मोह सोडलेला बरा.

एकाच चांगल्या वर्षाचा आकडा देणेही टाळावे. सलग तीन वर्षांचे आकडे दिले, तर त्यांत एखादे 90 टक्क्यांचे वर्ष असले तरी बिघडत नाही, कारण वाचणाऱ्याला चढती दिशा दिसते आणि काही लपवलेले नाही हेही कळते. आपल्या उदाहरणात 2022-23 मध्ये 60 लाखांपैकी 54 लाखांची सेकंडरी झाली होती, म्हणून तीन वर्षांची मालिका 90, 94 आणि 99 टक्के अशी होते.

दुसरी पायरी : क्षेत्र नेमके सांगणे

‘पश्चिम महाराष्ट्र’ असे लिहिणारा प्रतिनिधी प्रत्यक्षात दोन तालुक्यांत काम करत असतो, आणि ते पहिल्याच प्रश्नात उघडे पडते. हेडक्वार्टर, त्याच दिवशी जाऊन परत येता येणारी एक्स-स्टेशन आणि मुक्कामाची आउट-स्टेशन गावे नावानिशी लिहावीत, आणि यादीत किती डॉक्टर, किती केमिस्ट व किती स्टॉकिस्ट आहेत ते सांगावे. संख्या मंजूर यादीतील असावी. गावात एकूण किती दवाखाने आहेत याचा तिच्याशी संबंध नाही. एकाच हेडक्वार्टरवर दोन प्रतिनिधी असतील आणि टार्गेट एकत्र असेल, तर तसा उल्लेख करून आपल्या भागाचा आकडा वेगळा द्यावा.

क्षेत्राचा परिणाम वाढीच्या टक्केवारीवरही होतो, आणि इथे अनेकांचा हिशेब चुकतो. आपल्या प्रतिनिधीची सेकंडरी 62 लाखांवरून 71.3 लाखांवर गेली, म्हणजे वाढ 15 टक्के. परंतु एप्रिल 2024 पासून त्याला गडहिंग्लज हे नवे आउट-स्टेशन मिळाले होते आणि तिथून 4.3 लाखांची विक्री आली. ती बाजूला काढल्यास जुन्या भागात 62 लाखांचे 67 लाख झाले, म्हणजे वाढ 8 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त 15 टक्के लिहून गडहिंग्लजविषयी मौन बाळगणे तेवढे चुकीचे. किंबहुना, नवे गाव शून्यातून उभे करून पहिल्याच वर्षी 4.3 लाखांची विक्री आणणे ही वेगळी सांगण्यासारखी गोष्ट आहे, आणि 15 टक्क्यांच्या पोटात ती हरवून जाते.

रुपयांतील वाढीत किमतवाढीचाही वाटा असतो. ज्या औषधांच्या किमतीवर कमाल मर्यादा ठरलेली नाही, त्यांची छापील किंमत कंपनीला 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार बारा महिन्यांत 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते. म्हणून मुख्य ब्रँडच्या विकलेल्या स्ट्रिप्स किती वाढल्या याचा आकडा जवळ ठेवावा. सारांशात त्याला जागा नसली तरी मुलाखतीत तो विचारला जाऊ शकतो.

तिसरी पायरी : संबंधांचा पुरावा शोधणे

डॉक्टरांशी असलेले संबंध मोजायचे कसे, हा या सारांशातील सर्वांत कठीण भाग आहे. रोज किती डॉक्टर भेटले हा आकडा रिपोर्टिंग ॲपमध्ये असतो, पण तो पायपीट दाखवतो, विश्वास दाखवत नाही. त्याहून उपयोगी आकडा केमिस्टच्या काउंटरवर मिळतो. दुकानांत जाऊन कोणता डॉक्टर आपला ब्रँड लिहितो याची जी नोंद घेतली जाते, ती आरसीपीए, जर नियमित आणि त्याच दुकानांत केली असेल, तर तिच्यावरून म्हणता येते की 40 प्रमुख डॉक्टरांपैकी मार्च 2023 मध्ये 22 जण आपला किमान एक ब्रँड लिहीत होते आणि मार्च 2025 मध्ये 31. दुकाने बदलली असतील तर ही तुलना उभी राहत नाही.

संबंध केवळ डॉक्टरांशी नसतात. स्टॉकिस्टचे पैसे ठरलेल्या मुदतीत येतात का, आणि मुदत संपलेल्या मालाचे दावे किती महिने रखडलेले आहेत, यावरून बाजारात प्रतिनिधीचे नाव कसे आहे ते कळते. आपल्या उदाहरणात क्लोजिंग दोन महिन्यांवरून दीड महिन्यावर आले, आणि स्टॉकिस्टच्या दृष्टीने ही कोणत्याही गोड बोलण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, कारण त्याचे अडकलेले भांडवल मोकळे झाले.

इथे एक इशारा आवश्यक आहे. मार्च 2024 मध्ये आलेल्या औषध विपणनाच्या एकसमान संहितेनुसार डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक भेटवस्तू देण्यास मनाई आहे. त्यामुळे ‘मोठ्या डॉक्टरांशी घरगुती संबंध’ अशी भाषा हल्ली गुण म्हणून वाचली जात नाही. डॉक्टरांची नावे तर सारांशात कधीच लिहू नयेत.

चौथी पायरी : कागद आणि गोपनीयता

प्रत्येक आकड्यामागे स्वतःच्या नावाचा कागद असावा : इन्सेंटिव्हचे पत्र, वार्षिक मूल्यमापनाचे पत्र किंवा इन्सेंटिव्ह दाखवणारी वेतनचिठ्ठी. नोकरी सोडताना कंपनीच्या फाइली खासगी ईमेलवर पाठवून घेणे हा करारभंग ठरू शकतो, म्हणून तो मार्ग वर्ज्य समजावा. ब्रँडनिहाय आकडे, योजना आणि डॉक्टरांची यादी कंपनीच्या मालकीची असते. करारात विक्रीची रक्कम उघड करण्यावर बंधन असेल, तर रुपये वगळून फक्त टक्केवारी लिहावी. जुन्या मॅनेजरचे नाव संदर्भासाठी देण्याआधी त्याची संमती घ्यावी आणि आपण कोणते आकडे लिहिले आहेत तेही त्याला सांगून ठेवावे. कोल्हापूरसारख्या बाजारात एकच स्टॉकिस्ट अनेक कंपन्यांचा माल ठेवतो, आणि मुलाखत घेणारा त्याला थेट फोन लावू शकतो.

पाचवी पायरी : लिहिणे

वरील हिशेबातून तयार होणारा सारांश असा दिसेल :

‘औषध विक्रीत 3 वर्षे. हेडक्वार्टर कोल्हापूर, एक्स-स्टेशन इचलकरंजी, जयसिंगपूर, कागल, एप्रिल 2024 पासून आउट-स्टेशन गडहिंग्लज. यादीत 140 डॉक्टर, 65 केमिस्ट, 4 स्टॉकिस्ट. 2024-25 मध्ये 72 लाखांच्या टार्गेटपैकी निव्वळ सेकंडरी 71.3 लाख (99 टक्के). आधीची दोन वर्षे 90 व 94 टक्के. जुन्या भागात 8 टक्के वाढ, गडहिंग्लजमध्ये पहिल्या वर्षी 4.3 लाख. स्टॉकिस्टकडील साठा दोन महिन्यांवरून दीड महिन्यावर. 40 प्रमुख डॉक्टरांपैकी ब्रँड लिहिणारे दोन वर्षांत 22 वरून 31 (आरसीपीए).’

यात स्वतःची स्तुती करणारे एकही विशेषण नाही, आणि ते मुद्दाम घालण्याची गरजही नाही. अर्ज इंग्रजीत पाठवायचा असला तरी आकड्यांचा क्रम हाच ठेवावा. पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाक्यासमोर कोणत्या कागदावरून ते लिहिले आहे याची पेन्सिलीने नोंद करावी, आणि ज्या वाक्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते काढून टाकावे. महिन्याची सरासरी विक्री, जी या उदाहरणात 5.9 लाख येते, ती तोंडपाठ असावी, कारण मॅनेजर पीसीपीएमच्या, म्हणजे दर प्रतिनिधीमागे दरमहा होणाऱ्या विक्रीच्या, भाषेत विचार करतो आणि हा प्रश्न हमखास येतो. 2023-24 च्या 11 लाखांच्या क्लोजिंगविषयी विचारले गेले, तर मार्चमध्ये माल जास्त गेला होता आणि पुढच्या वर्षी तो कमी केला, एवढेच सांगून 9 लाखांचा आकडा पुढे ठेवावा.